रेकॉर्डिंगवरून ओव्हरची नोट लिहिताना औषधांचे तपशील गळतात: ते कुठे गळतात आणि कसे धरायचे

तक्रार नेहमीची आहे. रात्रपाळीची सिस्टर सकाळी 8 वाजता ओव्हर देते, ते वॉर्डच्या मोबाइलवर रेकॉर्ड होतं आणि दिवसपाळीतली एखादी सिस्टर ते ऐकून प्रत्येक पेशंटची स्टेटस नोट तयार करते. नोट वाचायला चांगली असते. शुद्ध कशी आहे, पल्स किती, लघवी किती झाली, सोबत कोण आहे, सगळं असतं. औषधांच्या जागी मात्र 'ॲट्रोपिन चालू, अँटिबायोटिक दिलं, बाकी शीटप्रमाणे' एवढंच असतं. राउंडला डॉक्टर विचारतात, 'तासाला किती मिलिग्रॅम जातंय?' आणि मग शीट, पंप, कचऱ्यातल्या रिकाम्या अँपुल अशी शोधाशोध सुरू होते. ज्या सिस्टरला हे ठाऊक होतं ती तोवर एसटीत बसलेली असते.

यावर 'नीट लक्ष देऊन ऐका' असं सांगून काही होत नाही. लक्ष देऊन ऐकणाऱ्यांच्या नोटमधूनही औषधं गळतात, कारण गळती ऐकण्यात नसते, आखडून लिहिण्यात असते. सारांश करताना आपण पुन्हा पुन्हा आलेलं गाळतो, बदललेलं असेल तर शेवटचं ठेवतो आणि आकड्यांऐवजी अर्थ लिहितो. पेशंटची हकीकत आखडायला ही रीत बरोबर आहे. औषधाला ती लावली की नेमकं जे हवं तेच जातं. म्हणून खालच्या सगळ्या पद्धतीचा पाया एकच आहे: हकीकत आखडायची, औषधाची ओळ आखडायची नाही.

आपल्या भागातलंच उदाहरण घेते, कारण ऑगस्ट ते ऑक्टोबर हा कपाशीवरच्या फवारणीचा हंगाम आपल्याकडच्या प्रत्येक वॉर्डला माहीत आहे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून झालेली विषबाधा कोणी विसरलेलं नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेच्या पेशंटचं औषध रात्रभर वरखाली होत असतं, त्यामुळे नोट कुठे फुटते ते याच पेशंटवर स्वच्छ दिसतं. पुढचा पेशंट नमुन्यादाखल रचलेला आहे, पण आकडे प्रत्यक्षात चालतात तसेच आहेत.

रेकॉर्डिंगमध्ये काय होतं

बेड नंबर 6, अंदाजे 50 किलोचा तरुण शेतमजूर. संध्याकाळी ॲट्रोपिनचे बोलस देऊन छाती मोकळी झाली आणि 5 वाजता सिरिंज पंप लावला. रात्रपाळीच्या सिस्टरने सकाळी सांगितलं ते असं:

'सहा नंबर, पॉयझनिंगवाला. ॲट्रोपिन चारवर होतं. रात्री अडीचले लय बडबड करे, हातपाय झाडे, अंग गरम, पल्स एकशेचाळीस. सरायले फोन केला, बंद करा म्हणे. बंद केलं. मिडाझ दोन दिलं. पॅरासिटामॉल सांगतलं होतं पण आयव्ही नव्हतं, स्पंजिंग केलं. मंग शांत झाला, साडेतीनले तीनवर लावलं. आता सहावर आहे, सव्वासातले सिरिंज नवीन भरली, अँपुल कमी होत्या न, अर्धं सलाइन घातलं. पॅम संध्याकाळी झालं, पुढचं सर राउंडले सांगणार. सेफ्ट्रिॲक्सोन दहाचं गेलं. छाती साफ आहे, मान उचलते.'

ओव्हर वाईट नाही. खरं तर बऱ्यापैकी चांगली आहे, सगळं तिनं सांगितलंय. आता याच्या तीन वेगवेगळ्या सारांश नोट मी कल्पनेनं लिहिते. तिन्ही सहज होण्यासारख्या आहेत.

पहिली: 'रात्री ॲट्रोपिन बंद केलं.' वाक्य खोटं नाही, पण 8 वाजता ते चालू आहे. सिरिंज संपल्यावर ही नोट वाचून कोणी नवी भरली नाही, तर छातीत पुन्हा स्राव भरायला लागतील.

दुसरी: 'ॲट्रोपिन 4 मिली प्रति तास चालू.' पहिलं वाक्य धरलं आणि पुढचं गोष्ट म्हणून सोडलं. ज्या दरावर पेशंट बिथरला होता तोच दर आता आदेशासारखा लिहिला गेला.

तिसरी आणि सगळ्यांत फसवी: 'ॲट्रोपिन वाढवून 6 मिली प्रति तास.' आकडा बरोबर, पंपावरही तोच दिसतो, पण 'वाढवून' हा शब्द लिहिणारीने स्वतःच्या मनाने घातला. तीनचे सहा झाले म्हणजे वाढलं असणार, हा तिचा तर्क. औषध वाढलेलंच नाही.

मिली नव्हे, मिलिग्रॅम

हिशेब करून पाहू. आपल्याकडे ॲट्रोपिनची नेहमीची अँपुल 1 मिलीची, 0.6 मिलिग्रॅमची असते. बोलस 1.8, मग 3.6, मग 7.2 असे दुप्पट करत दिले, म्हणजे एकूण 12.6 मिलिग्रॅम, 21 अँपुल. ज्या एकूण डोसवर पेशंट आटोक्यात येतो त्याच्या 10 ते 20 टक्के दर तासाला, अशा रीतीने पुढचा दर साधारण ठरवतात. संध्याकाळच्या पाळीने 50 अँपुल सरळ सिरिंजमध्ये भरल्या, 50 मिलीत 30 मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला 0.6. त्यामुळे 4 मिली म्हणजे तासाला 2.4 मिलिग्रॅम.

अडीच वाजता जे झालं ती ॲट्रोपिन जास्त झाल्याची लक्षणं: बडबड, ताप, वेगवान नाडी. अशा वेळी पोटाचे आवाजही बंद होतात, पण ते तिनं ऐकले का हे रेकॉर्डिंगमध्ये नाही. अशा वेळी ओतणं थांबवतात आणि लक्षणं ओसरल्यावर आधीच्या दराच्या 70 ते 80 टक्क्यांवर पुन्हा सुरू करतात. 3 मिली म्हणजे 1.8 मिलिग्रॅम, 75 टक्के. बरोबर बसतं.

सव्वासातला 25 अँपुल आणि 25 मिली सलाइन भरलं. आता मिलीला 0.3 मिलिग्रॅम. 6 मिली म्हणजे तेच 1.8 मिलिग्रॅम. पंपावरचा आकडा दुप्पट झाला, औषध तसूभरही बदललं नाही. सिस्टरचा हिशेब अचूक होता. 'अर्धं सलाइन घातलं' हे तीन शब्द सारांशात गळले तर मात्र दुपारपाळीची सिस्टर पुढची सिरिंज नव्याने आलेल्या अँपुलांनी पूर्ण भरील, दर सहावरच ठेवील, आणि तासाला 3.6 मिलिग्रॅम जाईल. म्हणजे ज्या डोसवर पेशंट बिथरला होता त्याच्या दीडपट.

म्हणून सिरिंज पंपाच्या औषधाची ओळ तीन गोष्टींशिवाय पूर्ण धरायची नाही: सिरिंजमध्ये काय नि किती भरलंय, पंपाचा दर किती, आणि दोन्ही मिळून तासाला किती मिलिग्रॅम. तिसरा आकडा रेकॉर्डिंगमध्ये बहुधा कोणी बोलत नाही. तो काढून लिहायचा आणि पुढे 'हिशेबाने' असं नोंदवायचं, म्हणजे तो ऐकलेला नाही हे वाचणारीला कळतं.

दोन वेळा ऐका, आणि पहिल्यांदा फक्त औषध

इथे क्रम महत्त्वाचा आहे. रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकताना पेशंटची तब्येत लिहायचीच नाही. कागदाला उभी रेघ मारा. डावीकडे रेकॉर्डिंगमधली वेळ, मिनिट-सेकंद, आणि उजवीकडे औषधाचं वाक्य जसं बोललं तसं, वऱ्हाडीत बोललं असेल तर वऱ्हाडीतच. 'बंद केलं', 'सांगतलं होतं पण नव्हतं', 'सर सांगणार' ही वाक्यंही औषधाचीच आहेत. न दिलेलं, थांबवलेलं आणि ठरायचं राहिलेलं औषध ही नोटमधून सगळ्यांत आधी गळणारी मंडळी, कारण त्यात दिलं असं काही नसतं.

वरच्या बोलण्यात अशी नऊ वाक्यं निघतात: ॲट्रोपिनची पाच (चारवर, बंद, तीनवर, सहावर, नवी सिरिंज), आणि मिडाझोलॅम, पॅरासिटामॉल, पॅम, सेफ्ट्रिॲक्सोन यांचं प्रत्येकी एक. हा आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. नोट पूर्ण झाल्यावर या नऊपैकी प्रत्येक वाक्याला नोटमध्ये जागा मिळाली का, हे बोट ठेवून पाहायचं.

औषध आधी ऐकण्याचं कारण अगदी व्यवहाराचं आहे. सांगणारी सिस्टर अजून वॉर्डात आहे. ती साडेआठच्या गाडीने गेली की तिच्याकडून उत्तर मिळवायचं म्हणजे झोपेतून उठवायचं. पल्स, बीपी, लघवी पुन्हा मोजता येते, चार्टवरून उतरवता येते. 'मिडाझ दोन' म्हणजे काय, हे फक्त तिलाच माहीत आहे.

आणि ते विचारावंच लागतं. मिडाझोलॅम आपल्याकडे मिलीला 1 मिलिग्रॅम असंही येतं आणि मिलीला 5 मिलिग्रॅम असंही येतं. 'दोन' म्हणजे 2 मिलिग्रॅम, की 2 मिली? दुसऱ्या प्रकारच्या अँपुलमधून 2 मिली म्हणजे 10 मिलिग्रॅम होतात. पेशंट सकाळी पेंगतोय तो झोपेच्या औषधाने, की विषाने श्वासाचे स्नायू दमायला लागलेत, हे डॉक्टरांना ठरवायचं असतं, आणि त्यासाठी हा आकडा आणि दिल्याची वेळ दोन्ही लागतात. रेकॉर्डिंगमध्ये वेळही नाही, फक्त क्रम आहे: बंद केल्यानंतर. अशा ठिकाणी 'अंदाजे 2:45' असं लिहू नका. 'वेळ सांगितली नाही' असं लिहा आणि तिला विचारा. रिकामा रकाना दिसला की कोणी तरी विचारतं, अंदाजाने भरलेला दिसला की कोणी विचारत नाही.

नोटमध्ये औषधाला स्वतःची जागा द्या

बऱ्याच ठिकाणी ओव्हरसाठी 'एसबार'चा साचा वापरतात: सद्यस्थिती, पार्श्वभूमी, मूल्यमापन, शिफारस. साचा चांगला आहे, पण त्यात औषधांचा वेगळा रकाना नाही. त्यामुळे चालू औषध पार्श्वभूमीत जातं, थांबवलेलं हकिकतीत जातं आणि ठरायचं राहिलेलं कुठेच जात नाही. मी साचा मोडायला सांगत नाही. त्याच्या खाली औषधांचा एक भाग जोडा आणि त्यात चारच गट ठेवा: आत्ता चालू, या पाळीत दिलं, थांबवलं किंवा दिलं नाही, निर्णय बाकी. बेड 6 ची नोट विचारपूस झाल्यावर अशी होते:

बेड 6, वजन अंदाजे 50 किलो, ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधा, दुसरा दिवस.

आत्ता चालू: ॲट्रोपिन, सिरिंज पंप. सिरिंज 7:15 ला भरली, 25 अँपुल (15 मिलिग्रॅम) + सलाइन 25 मिली, एकूण 50 मिली, मिलीला 0.3 मिलिग्रॅम. दर 6 मिली प्रति तास = 1.8 मिलिग्रॅम प्रति तास (हिशेबाने). ही सिरिंज सुमारे 3:30 ला संपेल. आधीची सिरिंज मिलीला 0.6 होती.

ॲट्रोपिनचे बदल: संध्याकाळी 5 ते रात्री 2:40, तासाला 2.4 मिलिग्रॅम. 2:40 ते 3:30 बंद, कारण बडबड, ताप, पल्स 140, डॉक्टरांचा फोनवर आदेश. 3:30 पासून तासाला 1.8 मिलिग्रॅम.

या पाळीत दिलं: मिडाझोलॅम 2 मिलिग्रॅम शिरेतून, 2:50 (सिस्टरला विचारून), फोनवरचा आदेश, सही बाकी. सेफ्ट्रिॲक्सोन 1 ग्रॅम शिरेतून, रात्री 10 (डोस शीटवरून). पुढचा सकाळी 10.

दिलं नाही: पॅरासिटामॉल शिरेतून, सांगितलं होतं, उपलब्ध नव्हतं, स्पंजिंग केलं.

निर्णय बाकी: पॅम. लोडिंग 1.5 ग्रॅम काल संध्याकाळी पूर्ण (शीटवरून). पुढे द्यायचं का, राउंडला विचारणे.

स्थिती, सकाळी 8: छाती साफ, मान उचलतो. पल्स, बाहुल्या, काखेचा कोरडेपणा, पोटाचे आवाज: रेकॉर्डिंगमध्ये नाहीत, बेडवर पाहून लिहिणे.

शेवटच्या ओळीकडे लक्ष द्या. पल्स 140 हा आकडा रेकॉर्डिंगमध्ये आहे, पण तो अडीचचा आहे. त्याला 'स्थिती'त जागा नाही, तो औषध बंद केल्याच्या कारणात आहे. या पेशंटमध्ये प्रत्येक लक्षण त्या वेळच्या डोसशी बांधलेलं असतं. सुटं लिहिलं की 140 ची नाडी आत्ताची वाटते आणि चालू असलेलं 1.8 सुद्धा जास्त वाटायला लागतं. मान उचलण्याची नोंदही गाळायची नाही. विषबाधेनंतर साधारण एक ते चार दिवसांत श्वासाचे स्नायू कमजोर पडू शकतात आणि मानेची ताकद जाणं ही त्याची आधी दिसणारी खूण असते.

प्रत्येक तपशील कुठून आला हे कंसात लिहिलंय, तो सोपस्कार नाही. ऐकलेलं, विचारलेलं, शीटवरून घेतलेलं आणि हिशेबाने काढलेलं, या चारांचा भरवसा वेगवेगळा असतो आणि पुढे आकडे जुळेनासे झाले की कुठून शोध सुरू करायचा ते त्यावरूनच कळतं.

आपोआप लिहून देणारं ॲप वापरत असाल तर

काही ठिकाणी रेकॉर्डिंग मोबाइलच्या ॲपमध्ये टाकून लिखाण काढतात, काही जण त्यातूनच सारांशही काढतात. वेळ वाचतो, हे खरं. अडचण अशी की 'अडीचले', 'सांगतलं', 'मंग' असल्या बोलण्यावर आणि अर्धवट उच्चारलेल्या औषधांच्या नावांवर ॲप अडखळतं, आणि अडखळलेलं दाखवत नाही. समोर स्वच्छ, शुद्ध वाक्य येतं. दीड, अडीच, सव्वा, साडे यांचे आकडे करताना आणि 'नाही', 'नव्हतं' असे छोटे शब्द टिपताना विशेष सांभाळावं लागतं. 'आयव्ही नव्हतं' मधला तो एक शब्द गेला तर न दिलेलं पॅरासिटामॉल दिलेल्यांत जाऊन बसतं.

म्हणून ॲपचं लिखाण फक्त जागा शोधायला वापरा. औषधाचं वाक्य कोणत्या मिनिटाला आहे ते त्यावरून बघा आणि ते वाक्य स्वतःच्या कानाने ऐकून लिहा. ॲपकडून सारांश घ्यायचाच असेल, तर औषधाची वाक्यं जशीच्या तशी, वेळेसकट वेगळी काढून मागा. त्यांचा सारांश करू देऊ नका. रेकॉर्डिंगमध्ये पेशंटचं नाव-गाव न घेता बेड नंबरच बोला, आणि संस्थेची परवानगी नसलेल्या ॲपमध्ये किंवा स्वतःच्या फोनवर ते टाकू नका.

नोट बरोबर झाली का, हे कसं ओळखायचं

रेकॉर्डिंग न ऐकलेल्या सिस्टरच्या हातात नोट द्या आणि तिला पंपासमोर उभी करा. पंपावर 6 दिसायला हवं. 7:15 ला भरलेल्या सिरिंजमध्ये 8 वाजता साधारण साडेपंचेचाळीस मिली उरलेलं असायला हवं. सिरिंजच्या लेबलवर 15 मिलिग्रॅम, 50 मिली आणि भरल्याची वेळ हवी. लेबल नसेल तर ते आधी लावा, नोट नंतर. रात्रीच्या रिकाम्या अँपुल 25 भरायला हव्यात आणि साठ्याच्या वहीतही 25 च खर्ची पडलेल्या दिसायला हव्यात.

यातलं काही जुळलं नाही, तर नोटमध्ये मधला आकडा काढून भागवायचं नाही. दोन्ही आकडे लिहायचे, 'तफावत' म्हणून खूण करायची आणि डॉक्टरांना लगेच सांगायचं. रेकॉर्डिंग म्हणजे आदेश नव्हे, आणि शीटवर नसलेलं औषध रेकॉर्डिंगमध्ये ऐकलं म्हणून चालू ठेवता येत नाही. फोनवरच्या आदेशांची सही राउंडलाच घेऊन टाका.

हे सगळं बारा-पंधरा पेशंटच्या वॉर्डात प्रत्येकासाठी करायला वेळ नसतो, आणि गरजही नसते. गोळ्यांवर असलेल्या स्थिर पेशंटला 'शीटप्रमाणे, बदल नाही, सकाळचे डोस दिले' पुरतं, फक्त शीट खरोखर पाहून लिहा. दोनदा ऐकायची पद्धत ठेवायची ती ज्यांचं औषध पंपाने किंवा थेंबांवर चालू आहे, ज्यांचा डोस पाळीत बदलला, किंवा ज्यांचं काही थांबवलं त्यांच्यासाठी. फवारणीच्या हंगामात असे दोन-तीन पेशंट एका वेळी असतात. ओव्हर सुरू होण्याआधी त्यांचे बेड नंबर फळ्यावर लिहून ठेवा आणि रात्रपाळीच्या ताईला सांगा, की यांचं आधी सांगा आणि पंपाच्या औषधाला सिरिंजमध्ये काय भरलंय ते बोलल्याशिवाय पुढच्या बेडवर जाऊ नका.